कंसातला आकडा

वार्षिक अहवालाच्या पानाचा फोटो कुणी पाठवला की मी आधी आकडे बघतच नाही. पानाचा उजवा वरचा कोपरा बघते. तिथे बारीक, बहुधा तिरप्या अक्षरांत एक ओळ असते: रक्कम लाखांत, कोटींत की नुसत्या रुपयांत. फोटो काढणाऱ्याचं सगळं लक्ष मधल्या तक्त्यावर असतं, त्यामुळे नेमका तोच कोपरा चौकटीबाहेर जातो. ती ओळ नसेल तर विक्रीसमोर छापलेले १८,६४२.३० म्हणजे एकशे शहाऐंशी कोटी की आणखी काही, हे पानावरून सांगता येत नाही. अंदाज बांधता येतो, पण अंदाजावर सारांश लिहायचा नसतो.

एका बँकेच्या कर्जखात्यात नोकरी करताना हेच माझं रोजचं काम होतं. कर्जदार कंपनीचा अहवाल यायचा आणि त्यातले आकडे आमच्या तक्त्यात भरायचे. आम्ही त्याला ‘स्प्रेड करणं’ म्हणायचो. तेव्हा झेरॉक्स यायच्या, आता फोटो येतात, आणि पाठवणारे नातेवाईक असतात. गेल्या काही वर्षांत त्यातला नेमाचा पाठवणारा म्हणजे माझा मावसभाऊ. कोल्हापूरकडच्या एका कास्टिंग बनवणाऱ्या कंपनीत काकांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, घेतलेले शेअर आता त्याच्या नावावर आहेत. कंपनी बाजारात नोंदलेली नाही, त्यामुळे शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून अहवालाची पीडीएफ उतरवून घेण्याची सोय नाही. वार्षिक सभेच्या किमान २१ दिवस आधी टपालानं छापील पुस्तिका येते आणि तिच्या पानांचे फोटो माझ्याकडे. २०२२-२३ च्या अहवालाबरोबर त्यानं लिहिलं होतं, “ताई, नफा वाढलाय असं अध्यक्षांनी लिहिलंय. सभेला जाणार आहे. खरं काय ते एका पानात सांग, आणि काही विचारण्यासारखं असेल तर तेही.”

त्याच अहवालाची गोष्ट सांगते. कंपनीचं नाव सांगत नाही आणि रकमाही बदलल्या आहेत, पण त्यांचं एकमेकींशी नातं होतं तसंच ठेवलं आहे.

फोटोंचं एक आधी सांगून टाकते, कारण निम्मी दुरुस्ती तिथेच होते. आपल्याकडच्या अहवालांत चालू वर्षाचा रकाना बहुधा डावीकडे आणि मागच्या वर्षाचा त्याच्या उजवीकडे असतो. पुस्तिका जाड असेल आणि नफा-तोटा पत्रक डाव्या हाताच्या पानावर आलं, तर मागच्या वर्षाचा रकाना बरोबर शिवणीच्या घळीत जातो. पान तिथे वळतं, अक्षरं दाटतात आणि शेवटचा अंक किंवा बंद होणारा कंस दिसेनासा होतो. चालू वर्ष मात्र लख्ख दिसतं, त्यामुळे फोटो चांगला आला असंच वाटतं. उजव्या हाताच्या पानावर याच्या उलट होतं: आकडे स्वच्छ आणि बाबींची नावं घळीत. नावं गेली तर क्रमावरून ओळखता येतात, अंक गेला तर गेला. म्हणून डाव्या पानाचे दोन फोटो मागवायचे, एक पूर्ण पानाचा आणि एक पुस्तिका दाबून धरून फक्त शिवणीकडच्या रकान्याचा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगायचं. नाहीतर फाइल दाबून लहान होते आणि ३ चा ८ होतो.

आता आकडे उचलणं. मी ते हातानं भरते. एक्सेलच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये `Data from Picture` आहे, तेही वापरून बघितलं आहे. घाईत असेन तर अजूनही वापरते. कोणत्याही मार्गानं आकडा तक्त्यात आला तरी पुढची तपासणी सारखीच असते, आणि या सगळ्या कामात मला तीच सर्वांत आवडते. अहवालाचं पान स्वतःच स्वतःचं मुद्रितशोधन करत असतं. त्यावर बेरजा छापलेल्या असतात. आपण उचललेल्या आकड्यांची बेरीज छापील बेरजेशी जुळली नाही, तर चूक झाली आहे एवढंच कळत नाही. फरक किती आला यावरून चूक कोणत्या जातीची आहे हेही बहुतेक वेळा कळतं.

या कंपनीचा २०२२-२३ चा खर्च असा होता, लाख रुपयांत:

| बाब | २०२२-२३ |
|---|---|
| वापरलेला कच्चा माल | १०,३८५.२० |
| तयार व अर्धवट मालाच्या साठ्यातील बदल | (४६२.३५) |
| कर्मचाऱ्यांवरील खर्च | २,१४६.८० |
| व्याज व वित्तीय खर्च | ५१२.४५ |
| घसारा | ६८४.१० |
| इतर खर्च | ४,६७१.५५ |
| एकूण खर्च | १७,९३७.७५ |

दुसऱ्या ओळीतल्या कंसात सगळी मेख आहे. हिशेबात कंस म्हणजे वजा. खर्चाच्या यादीत वजा रक्कम कशी, असं पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं. कारण साधं आहे. वर्षभरात जेवढा माल बनवला त्याचा पूर्ण खर्च वरच्या आणि खालच्या ओळींत धरलेला असतो, पण त्यातला काही माल विकला न जाता वखारीतच राहिला. त्याचा खर्च या वर्षाच्या विक्रीवर टाकणं बरोबर नाही, म्हणून तेवढी रक्कम वजा करतात. साठा घटला असेल तर उलट होतं, आकडा बिनकंसाचा येतो आणि खर्चात मिळतो. मागच्या वर्षी या कंपनीत तसंच होतं: ११८.९०, बिनकंसाचे. म्हणजे एकाच ओळीत शेजारीशेजारी एक आकडा वजा आणि एक अधिक. नजर अशा ठिकाणी हमखास घसरते.

फोटोतून उचलताना या कंसाचे दोन प्रकारे हाल होतात. एक तर दोन्ही कंस गळतात आणि उरते नुसती ४६२.३५. मग आपली बेरीज १८,८६२.४५ येते. छापील बेरजेपेक्षा ९२४.७० नं जास्त. या फरकाचं निम्मं केलं की ४६२.३५. फरक एखाद्या रकमेच्या बरोबर दुप्पट आला, तर त्या रकमेचं चिन्ह उलटलं आहे. वजा करायची ती मिळवली गेली, म्हणून दुप्पट फरक. दुसरा प्रकार जास्त फसवा. घळीमुळे फक्त बंद होणारा कंस गळतो आणि एक्सेलमध्ये ‘(४६२.३५’ असं काहीतरी येतं. दोन्ही कंस असते तर एक्सेलनं ती रक्कम आपणहून वजा धरली असती. एकच कंस दिसल्यावर ते तिला आकडा न मानता मजकूर मानतं, आणि बेरीज करताना मजकूर गुपचूप वगळतं. आता बेरीज येते १८,४००.१०, म्हणजे फरक ४६२.३५, दुप्पट नाही तर एकपट. एकपट फरक म्हणजे ती रक्कम बेरजेत आलेलीच नाही. डोळ्यांनाही दिसतं: आकडे खान्यात उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. रकाना वरून खाली पाहत गेलं की डावीकडे सरकलेला खाना वेगळा पडतो.

माझ्या तक्त्यात प्रत्येक बेरजेखाली एक ओळ कायमची असते:

```
=ROUND(SUM(B5:B10)-B11,2)
```

B५ ते B१० या खर्चाच्या ओळी आणि B११ मध्ये पानावर छापलेली बेरीज. उत्तर शून्य यायला हवं. ०.०१ किंवा ०.०२ आलं तर सोडून द्यायचं, कंपनीनं लाखांत रूपांतर करताना प्रत्येक ओळ वेगळी पूर्णांकित केलेली असते, त्यामुळे तेवढं इकडेतिकडे होतं. त्याहून जास्त आलं तर पान पुन्हा उघडायचं.

फरकाच्या आणखी दोन जाती ओळखीच्या आहेत. हातानं भरताना अंकांची अदलाबदल होते, ४,६७१.५५ चे ४,६१७.५५ होतात. फरक ५४. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की फरकाला नेहमी ९ नं भाग जातो. जुने हिशेबनीस हे डोक्यात ठेवूनच वही उघडायचे. फोटो वाचणाऱ्या सॉफ्टवेअरकडून मात्र अदलाबदल सहसा होत नाही, ते अंक चुकीचा ओळखतं. मग फरक एकाच घरात राहतो: ३ आणि ८ मध्ये ५, १ आणि ७ मध्ये ६. आमच्या अहवालात मागच्या वर्षाच्या रकान्यात कर्मचाऱ्यांचा खर्च १,९५८.२५ होता आणि तक्त्यात १,९५३.२५ असा उतरला होता. फरक बरोबर ५.००. एवढं कळल्यावर सगळा रकाना पुन्हा वाचावा लागत नाही. एकं घरात ३ किंवा ८ असलेल्या ओळी शोधायच्या, त्या दोनतीनच निघतात.

बेरीज जुळली की आकडे नीट वाचले गेले एवढं सिद्ध होतं. ते बरोबर जागी आहेत हे सिद्ध होत नाही. दोन वर्षांचे रकाने आपण उलटे उचलले तरी दोन्ही बेरजा जुळतात. लाखांच्या जागी कोटी धरले तरी जुळतात. मोठ्या कंपनीच्या अहवालात तर तेच पत्रक दोनदा छापलेलं असतं, एकदा एकट्या कंपनीचं आणि एकदा उपकंपन्या धरून एकत्रित. दिसायला दोन्ही जुळी भावंडं. फोटोत शीर्षक कापलं गेलं आणि या वर्षाचा नफा एकातून, मागचा दुसऱ्यातून उचलला, तर कोणतीही बेरीज तक्रार करणार नाही. अशा वेळी तोच आकडा अहवालात दुसरीकडे कुठे येतो ते शोधायचं. रोख प्रवाह पत्रकाची पहिली ओळ करपूर्व नफ्याची असते. रोख प्रवाहाच्या तळाशी येणारी अखेरची रोकड ताळेबंदातल्या रोकडीशी मिळते. आमच्या कंपनीचं एकूण उत्पन्न १८,८५६.९०, त्यातून खर्च १७,९३७.७५ गेला, करपूर्व नफा ९१९.१५. रोख प्रवाहाच्या पहिल्या ओळीतही, वर्षाच्या त्याच मथळ्याखाली, ९१९.१५. इथवर मेळ बसला.

साठ्याच्या कंसाचीही अशीच परीक्षा होते. ताळेबंदातला एकूण मालसाठा २,५४०.०५ वरून ३,१२०.४० वर गेला होता. साठा वाढला, म्हणजे नफा-तोटा पत्रकात कंस असणं सयुक्तिक. वाढ ५८०.३५, त्यातली ४६२.३५ तयार आणि अर्धवट मालाची आणि उरलेली ११८.०० कच्चा माल, सुटे भाग वगैरे. फोटोत कंस पुसट असता तरी तो आहे की नाही हे ताळेबंदानं सांगितलं असतं.

आता तुलना. इथे मात्र नीट वाचलेले आकडेही फसवतात. भावानं मागच्या वर्षांचे अहवालही जपून ठेवले होते, त्यामुळे मला कर्जाचा कल जरा मागेपर्यंत बघायचा होता. २०२०-२१ च्या अहवालात ३१ मार्च २०२१ चं दीर्घ मुदतीचं कर्ज २६.९० कोटी आणि अल्प मुदतीचं १४.१६ कोटी, मिळून ४१.०६ कोटी. पुढच्या वर्षी, ३१ मार्च २०२२ ला, दोन्ही मिळून ५०.७८ कोटी. म्हणजे एका वर्षात जवळजवळ २४ टक्के वाढ. पण २०२१-२२ चा अहवाल उघडला तर त्यात शेजारच्या रकान्यात तोच दिवस, ३१ मार्च २०२१, आणि अल्प मुदतीचं कर्ज २०.२१ कोटी! तारीख एक, कंपनी एक, आकडे दोन.

यात लबाडी काही नाही. दीर्घ कर्जाचा जो हप्ता येत्या वर्षात फेडायचा असतो, तो पूर्वी ताळेबंदात ‘इतर चालू देणी’ या मथळ्याखाली दाखवायचे. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात २४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनं बदल झाला आणि २०२१-२२ पासून तो हप्ता अल्प मुदतीच्या कर्जात धरायचा ठरलं. कंपनीनं नव्या पद्धतीनं जुना आकडाही पुन्हा मांडला, आणि टिपणांच्या शेवटी नेहमीची ओळ छापली की मागील वर्षाचे आकडे आवश्यक तिथे पुनर्वर्गीकृत केले आहेत. त्या ओळीत ६.०५ कोटी रुपये लपलेले होते. ते धरल्यावर ३१ मार्च २०२१ चं कर्ज ४७.११ कोटी होतं आणि खरी वाढ ७.८ टक्क्यांची. म्हणून माझा शिरस्ता असा की मागच्या वर्षाचा आकडा मागच्या वर्षाच्या अहवालातून घ्यायचा नाही. नव्या अहवालाच्या उजव्या रकान्यातून घ्यायचा. जुना अहवाल शेजारी ठेवायचा तो फक्त दोन्ही सारखे आहेत का हे बघायला. सारखे नसतील तर का नाहीत, हे शोधल्याशिवाय टक्केवारी काढायची नाही.

त्याच अधिसूचनेचा आणखी एक परिणाम जुने फोटो चाळताना दिसतो. आकडे पूर्णांकित करणं तोवर ऐच्छिक होतं, ते सक्तीचं झालं. त्यामुळे ज्या लहानमध्यम कंपन्या पूर्वी पूर्ण रुपये छापायच्या त्या नंतर लाखांत आल्या. भावाच्या कंपनीचंही तसंच: २०२०-२१ चं पुस्तक रुपयांत, पुढची लाखांत. दोन अहवालांतली पानं एकाच फोल्डरमध्ये आली की कोपऱ्यातली ती बारीक ओळ का हवी ते कळतं.

आता त्याच्या मूळ प्रश्नाकडे. नफा वाढला होता का? करोत्तर नफा ५८७ लाखांवरून ६८६ लाखांवर गेला होता, १६.९ टक्के वाढ. विक्री १६,१०५.७५ वरून १८,६४२.३० वर, १५.७ टक्के. विक्रीपेक्षा नफा थोडा जास्त वाढला. अध्यक्षांनी लिहिलं ते खोटं नव्हतं, आणि घाईतला सारांश इथेच संपला असता.

मी यांच्या मधला एक आकडा स्वतः काढते, जो या पत्रकात छापलेला नसतो: धंद्यातला नफा. विक्रीतून माल, माणसं आणि इतर खर्च वजा करायचा, व्याज आणि घसाऱ्याच्या आधी थांबायचं, आणि इतर उत्पन्न त्यात धरायचं नाही. तो २०२१-२२ मध्ये १,७४५.६० होता आणि २०२२-२३ मध्ये १,९०१.१०. वाढ ८.९ टक्के. विक्री १५.७ नं वाढली आणि धंद्यातला नफा ८.९ नं. शंभर रुपयांच्या विक्रीमागे आधी १० रुपये ८० पैसे सुटायचे, आता १० रुपये २० पैसे. वर व्याजही ३९८.७० वरून ५१२.४५ झालं होतं. मग शेवटचा नफा जास्त कसा वाढला? उत्तर इतर उत्पन्नात. ते ९६.४० वरून २१४.६० झालं होतं, ११८.२० नं जास्त. करपूर्व नफ्याची एकूण वाढ १३१.१५. म्हणजे वाढीतला बहुतेक सगळा भाग या एका ओळीतून आला होता.

इतर उत्पन्नासमोर टिपणाचा क्रमांक २१ होता आणि ते पान फोटोंत नव्हतं. हे नेहमीचंच. लोक मुख्य पत्रकं पाठवतात, टिपणं मागे राहतात, आणि सांगण्यासारखं सगळं टिपणांत असतं. (तो क्रमांकही सांभाळायचा. बाबीचं नाव आणि रक्कम यांच्यामध्ये तो एकटाच उभा असतो, आणि सॉफ्टवेअर कधीकधी त्याला रकमेला चिकटवतं. २१४.६० चे २१,२१४.६० झालेले मी बघितले आहेत.) पान मागवलं. त्यात मालमत्ता विक्रीवरील नफा १२१.५० अशी ओळ होती. जमिनीचा एक तुकडा विकला होता. मागच्या वर्षी त्या ओळीत आडवी रेघ, म्हणजे निरंक. जमीन दरवर्षी विकता येत नाही. ती रक्कम बाजूला ठेवली तर करपूर्व नफा ७९७.६५, मागच्या वर्षीचा ७८८.००. वाढ १.२ टक्के.

याला मी कंपनीची चलाखी म्हणणार नाही. जमीन विकली, नफा झाला, तो टिपणात स्वच्छ छापला. काही कंपन्या असा नफा अपवादात्मक बाब म्हणून मुख्य पत्रकातच वेगळ्या ओळीत दाखवतात, या कंपनीनं इतर उत्पन्नात धरला. वाचणाऱ्यानं पान उलटायचं की नाही, एवढाच प्रश्न उरतो. अध्यक्षांच्या मनोगतात तो उल्लेख नव्हता हे मात्र खरं, आणि ते मला खटकलं.

टक्केवारी काढताना मी लाखांतले पूर्ण आकडेच वापरते, सारांशात मात्र कोटींत आणि एका दशांशापर्यंत लिहिते. उलट केलं तर घोटाळा होतो. इतर उत्पन्न २.१ कोटी आणि १.० कोटी असं आधी छाटून घेतलं की वाढ ११० टक्के दिसते, खरी आहे १२२.६. लहान रकमांत हे फार जाणवतं. आणि एखाद्या वर्षी तोटा असेल तर टक्केवारी काढायचीच नाही. तोट्यातून नफ्यात आलेल्या कंपनीची वाढ टक्क्यांत सांगण्याला काही अर्थ नसतो, नुसतं ‘इतक्या तोट्यातून इतक्या नफ्यात’ असं लिहायचं.

भावाला पाठवलेल्या पानावर शेवटी एवढंच होतं, कोटी रुपयांत:

| | २०२२-२३ | २०२१-२२ | बदल |
|---|---|---|---|
| विक्री | १८६.४ | १६१.१ | +१५.७% |
| धंद्यातला नफा | १९.० | १७.५ | +८.९% |
| इतर उत्पन्न | २.१ | १.० | +१२२.६% |
| करोत्तर नफा | ६.९ | ५.९ | +१६.९% |
| एकूण कर्ज | ६३.९ | ५०.८ | +२५.९% |
| ग्राहकांकडून येणी | ३९.१ | २८.५ | +३७.४% |
| कामकाजातून आलेली रोकड | २.१ | ११.८ | −८२.१% |

खाली लिहिलं होतं: “विक्री चांगली वाढली, पण प्रत्येक रुपयामागे सुटणारा पैसा कमी झाला. नफ्यातली वाढ मुख्यतः जमीन विक्रीची (१.२ कोटी), ती धरली नाही तर करपूर्व नफा जवळजवळ होता तिथेच आहे. माल विकला गेला पण पैसे आले नाहीत, शिवाय न विकलेला मालही वाढला. ती पोकळी कर्जानं भरली. लेखापरीक्षकांचा अहवाल बिनशेऱ्याचा आहे. सर्व आकडे २०२२-२३ च्या अहवालातून, मागच्या वर्षाचेही.”

ते शेवटचं वाक्य मी कधी गाळत नाही. वर्षभरानं तो हेच पान नव्या अहवालाशेजारी धरणार आणि आकडे थोडे वेगळे निघणार, तेव्हा ते कुठून घेतले होते ते कळायला हवं.

येण्यांचं मी दिवसांत रूपांतर करून बघितलं होतं: वर्षाच्या विक्रीच्या मानानं आधी ६४ दिवसांची उधारी होती, आता ७७ दिवसांची. हे दिवस खऱ्यापेक्षा थोडे जास्त दिसतात, कारण ग्राहकाकडून यायच्या रकमेत जीएसटी असतो आणि विक्रीच्या आकड्यात तो नसतो. पण दोन्ही वर्षांत तीच खोट असल्यामुळे तुलना चालते. कंपन्यांना आता अशी ११ गुणोत्तरं स्वतःच छापावी लागतात आणि २५ टक्क्यांहून जास्त बदल झाला तर कारणही द्यावं लागतं. त्यातला उधारीचा आकडा माझ्याशी जुळला नाही, कारण ते वर्षाच्या सुरुवातीच्या आणि अखेरच्या येण्यांची सरासरी धरतात आणि मी अखेरची रक्कम धरली होती. असं असेल तेव्हा कुणाचं बरोबर यावर वाद घालू नये. मात्र माझा आकडा एका वर्षाचा आणि कंपनीचा दुसऱ्या वर्षाचा अशी सरमिसळही करू नये.

उधारी वाढली म्हटल्यावर ती जुनी होत चालली आहे का, हा प्रश्न उरत होता. त्यासाठी येण्यांच्या वयाचं टिपण मागवलं. हेही २०२१-२२ पासून सक्तीचं आहे: सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन आणि त्याहून जुनी. या टिपणाची मांडणी मुख्य पत्रकासारखी नसते. रकाने वयाचे असल्यामुळे दोन वर्षं शेजारीशेजारी मावत नाहीत, म्हणून चालू वर्षाचा तक्ता वर आणि मागच्या वर्षाचा खाली. भावानं पाठवलेल्या पहिल्या फोटोत खालचा तक्ता कापला गेला होता. दुसऱ्या फोटोत दोन्ही आले. वरच्या तक्त्यात सहा महिन्यांच्या आतली ३,२०४.७०, सहा महिने ते वर्षाची ४९८.३०, वर्ष ते दोन वर्षांची १५१.२० आणि त्याहून जुनी ५६.००. बेरीज ३,९१०.२०, ताळेबंदाशी जुळली. सहा महिन्यांपलीकडची मिळून ७०५.५० लाख झाली. खालच्या तक्त्यात तीच रक्कम २४८.६०.

बुडीत येण्यांसाठी केलेली तरतूद त्याच टिपणात होती आणि ती दोन्ही वर्षी निरंक. मी भावाला कळवलं की सभेत एकच प्रश्न विचार: सहा महिन्यांवरची उधारी अडीच कोटींवरून सात कोटींवर गेली असताना तरतूद शून्य का, आणि ही रक्कम किती ग्राहकांकडे अडकली आहे? त्यानं तो प्रश्न कागदावर उतरवून घेतला, खाली टिपणाचा आणि पानाचा क्रमांक लिहिला, आणि सभेच्या दोन दिवस आधी कंपनीला ईमेलनंही पाठवला, म्हणजे ‘माहिती घेऊन सांगतो’ असं उत्तर मिळायला नको.